हायरिंग मॅनेजरला पाठवायची लिंक्डइन नोट: साचेबद्ध मजकुरातून मनापासूनच्या चार ओळींकडे

लिंक्डइनवर ओळख नसलेल्या माणसाला कनेक्शनची विनंती पाठवताना सोबत छोटी नोट जोडता येते. नोकरी शोधणारे ती हायरिंग मॅनेजरला, म्हणजे ज्याच्या टीममध्ये प्रत्यक्ष काम करायचं आहे त्या माणसाला, पाठवतात. बहुतेक नोट्स एकाच ठशाच्या असतात. अशी एक नोट घेऊन ती बदलायची कशी, हे या लेखात एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण मराठीत आहे; नोट इंग्रजीत लिहिणार असाल तरी पायऱ्या त्याच राहतात.

समोरच्याला काय दिसतं

विनंती आली की मॅनेजरला तुमचा फोटो, नाव, नावाखालची हेडलाइन, सामाईक ओळखी आणि नोट एवढं दिसतं. प्रोफाइल उघडण्याआधीच स्वीकारायचं की बाजूला सारायचं हे बऱ्याचदा ठरून जातं.

यातून एक सोपी गोष्ट निघते, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तुम्ही कोण आहात आणि काय काम करता हे हेडलाइन आधीच सांगते. नोटमध्ये तेच पुन्हा लिहिलंत तर सगळ्यात महागडी जागा वाया जाते. म्हणून नोटेला हात लावण्याआधी हेडलाइन नीट करा. ‘नव्या संधीच्या शोधात’ एवढंच तिथे असेल तर तुमचं काम कुणालाच कळत नाही. ‘कस्टमर सपोर्ट, ऑनलाइन खरेदी आणि रिफंड’ अशी हेडलाइन असेल तर परिचयाचं काम तिथेच होतं आणि नोट मोकळी होते.

जागा किती, बटण कुठे

मोफत खात्यावर नोट २०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, प्रीमियम खात्यावर ३०० पर्यंत. शिवाय मोफत खात्यावर दर महिन्याला मोजक्याच विनंत्यांसोबत नोट जोडता येते, म्हणून ती कुणासाठी खर्च करायची हे आधी ठरवा. मी प्रीमियम असतानाही २०० मध्येच लिहायला सांगेन, कारण शंभर अक्षरं जास्त मिळाली की ती हमखास स्तुतीत जातात.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. मोजणी करताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ आपण चार अक्षरांत वाचतो, पण मोजणीत त्याची सात होतात. म्हणजे २०० अक्षरांत साधारण तीस-पस्तीस मराठी शब्द बसतात.

संगणकावर प्रोफाइलवरचं Connect दाबलं की Add a note हा पर्याय येतो. काही प्रोफाइलवर Connect समोर दिसत नाही, फक्त Follow दिसतं. तेव्हा ते More मध्ये शोधावं लागतं. मोबाइलवर जपून. सुचवलेल्या लोकांच्या यादीतून Connect दाबलं तर नोट न विचारताच विनंती निघून जाऊ शकते. त्यामुळे आधी त्या व्यक्तीचं प्रोफाइल उघडा आणि तिथल्या More मधून नोट जोडून पाठवण्याचा पर्याय घ्या. गेलेली नोट दुरुस्त करता येत नाही. विनंती मागे घेता येते, पण मग त्याच व्यक्तीला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. मजकूर आधी फोनमधल्या नोंदवहीत लिहा, अक्षरं मोजा, मगच तिथून कॉपी करा.

माणूस बरोबर आहे का हेही एकदा तपासा. नोकरीच्या जाहिरातीखाली दिसणारी व्यक्ती बऱ्याचदा रिक्रूटर असते. तिच्याकडे अर्जांची प्रक्रिया असते, टीम नसते. जाहिरातीत ‘सपोर्ट ऑपरेशन्स प्रमुखांना रिपोर्ट करावं लागेल’ असं असेल, तर त्या कंपनीच्या पानावरच्या लोकांच्या यादीत ते पद शोधा. खात्री होत नसेल तर नोटमध्ये ‘तुमच्या टीमसाठी’ असं ठासून लिहू नका.

उदाहरण: मूळ नोट

एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्ट ॲनालिस्टची जागा निघाली आहे. अर्ज करणारी मुलगी दोन वर्षं ग्राहकसेवेत आहे. मॅनेजर बाई सपोर्ट ऑपरेशन्स सांभाळतात. मुलीने लिहिलेली पहिली नोट अशी:

> नमस्कार मॅडम, मी एक मेहनती आणि उत्साही सपोर्ट प्रोफेशनल आहे. तुमचं प्रोफाइल पाहून प्रभावित झाले. तुमच्या नेटवर्कमध्ये सामील व्हायला आवडेल. योग्य संधी असल्यास कळवावे.

शुद्धलेखन ठीक आहे, भाषा नम्र आहे, अक्षरंही मर्यादेत आहेत. तरीही यातलं एकही वाक्य या मॅडमना उद्देशून लिहिलेलं नाही. ‘मेहनती आणि उत्साही’ हे कुणीही स्वतःबद्दल लिहू शकतं आणि वाचणाऱ्याला ते पडताळून बघता येत नाही. ‘प्रोफाइल पाहून प्रभावित’ यात कशामुळे, ते नाही. ‘नेटवर्कमध्ये सामील व्हायला आवडेल’ हे तर विनंतीचं बटण दाबलं तेव्हाच सांगून झालं. आणि शेवटच्या वाक्याने सगळं ओझं मॅडमवर टाकलं आहे: तुमच्याकडे काय आहे ते तुम्हीच शोधा, मला योग्य काय तेही तुम्हीच ठरवा आणि कळवा. जागा निघालेली आहे, मुलीला ती माहीत आहे, पण नोटमध्ये तिचा पत्ता नाही.

ओळखायची पद्धत साधी आहे. ‘मॅडम’च्या जागी ‘सर’ घाला आणि तीच नोट दुसऱ्या कंपनीतल्या, दुसऱ्या खात्याच्या मॅनेजरला पाठवत आहात असं समजा. एकही शब्द बदलावा लागत नसेल तर ती साचेबद्ध आहे. ही चाचणी पुढे पुन्हा लागेल.

मजकूर कुठून आणायचा

नोट सुधारायची म्हणजे वाक्यं घासून गुळगुळीत करायची, असा नवख्यांचा समज असतो. शब्द बदलून काही हाती लागत नाही. ‘प्रभावित झाले’च्या जागी ‘भारावून गेले’ लिहिलं तर फक्त आवाज वाढतो. कमतरता माहितीची असते, त्यामुळे लिहायला बसण्याआधी अर्धा तास वाचायला द्या.

मॅनेजरच्या प्रोफाइलवर Activity नावाचा भाग असतो. तिथे त्यांच्या पोस्ट दिसतात आणि त्यांनी इतरांच्या पोस्टवर केलेल्या कमेंटही दिसतात. माझ्या मते कमेंट जास्त मोलाच्या. पोस्ट पुष्कळदा विचार करून, सजवून लिहिलेली असते. कमेंटमध्ये माणूस आपलं खरं मत पटकन बोलून जातो. शिवाय पोस्टचा उल्लेख इतर अर्जदारही करतात, कमेंटपर्यंत फार थोडे पोचतात.

वाचताना शोधायचं काय? एखादा निर्णय आणि त्यामागचं कारण. ‘आमच्या टीमला पुरस्कार मिळाला’ या पोस्टवर अभिनंदनापलीकडे बोलण्यासारखं काही नसतं. ‘आम्ही अमुक करणं बंद केलं, कारण तमुक’ यावर मात्र त्या कामातल्या माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

आपल्या उदाहरणातल्या मॅडमनी काही आठवड्यांपूर्वी असं लिहिलं होतं. ग्राहकाचा प्रश्न सॉफ्टवेअरमध्ये नोंदला गेला की त्याला तिकीट म्हणतात. त्यांच्या टीममध्ये रोज किती तिकिटं बंद केली ते मोजलं जायचं. परिणाम असा झाला की लोक घाईने उत्तर देऊन तिकीट बंद करायचे, ग्राहकाचं समाधान व्हायचं नाही आणि तो पुन्हा लिहायचा. म्हणून त्यांनी बंद केलेल्या तिकिटांचा आकडा सोडला आणि आठवड्याभरात किती तिकिटं परत उघडली ते बघायला सुरुवात केली.

आता अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मुलीच्या बाजूचं आहे आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. पोस्ट वाचली एवढं सांगून भागत नाही. ती वाचल्यावर स्वतःच्या कामातलं काय आठवलं ते हवं. तिने आठवून पाहिलं. तिच्या टीममध्ये रिफंडची तिकिटं सतत परत यायची. उत्तराचा ठरलेला मजकूर ‘पैसे लवकरच जमा होतील’ असा होता. ‘लवकरच’ म्हणजे कधी ते ग्राहकाला कळायचं नाही, म्हणून तीन-चार दिवसांनी तो परत विचारायचा. तिने उत्तरात पैसे जमा होण्याची तारीख लिहायला सुरुवात केली आणि परत येणारी तिकिटं कमी झाली.

किती कमी झाली हे तिने मोजलं नव्हतं. म्हणून तो आकडा नोटमध्ये येणार नाही. ‘चाळीस टक्क्यांनी घट’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण मॅनेजरचा पहिला प्रश्न ‘कसं मोजलं?’ हाच असतो आणि या मॅडम तर मोजण्यावरच लिहिणाऱ्या आहेत. कारण नेमकं सांगता येत असेल तर आकड्याशिवायही माणूस त्या कामातला आहे हे कळतं.

काही गोष्टींपासून लांब राहा. घरच्या माणसांबद्दल, आजारपणाबद्दल, दुःखाबद्दल कुणी लिहिलं असेल तर अनोळखी माणसाने नोकरीच्या नोटमध्ये त्याला हात लावू नये. तीन वर्षं जुनी पोस्ट उकरून काढली तर समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. आणि मॅनेजरने नुसती पुढे पाठवलेली पोस्ट ही दुसऱ्या कुणाची तरी असते; तिचं श्रेय त्यांना देऊन टाकू नका.

पहिला बदल, जो फसतो

एवढी सामग्री हाताशी असूनही पहिला मसुदा बहुधा असा उतरतो:

> नमस्कार मॅडम, तुमची तिकिटांबद्दलची पोस्ट खूप भावली. तुम्ही मांडलेला विचार अगदी वेगळा आणि प्रेरणादायी आहे. आमच्या टीममध्येही असाच अनुभव आला होता. तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करायला मिळालं तर भाग्य समजेन. सपोर्ट ॲनालिस्ट पदासाठी अर्ज केला आहे.

हा नीट बघण्यासारखा आहे, कारण बरेच जण इथेच थांबतात आणि आपली नोट आता वैयक्तिक झाली असं मानतात. पोस्टचा उल्लेख आला, पदाचं नाव आलं. पण पोस्ट काय म्हणते ते कुठेच नाही. न वाचताही हे लिहिता आलं असतं, आणि मॅनेजरला तसाच संशय येतो. ‘वेगळा आणि प्रेरणादायी’ हा शेरा आहे. शेरा देणारा वरच्या पायरीवरून बोलल्यासारखा वाटतो, मग शब्द कितीही नम्र असोत. ‘असाच अनुभव’ या दोन शब्दांत तर तिच्याजवळची सगळ्यात चांगली गोष्ट झाकली गेली आहे. ‘भाग्य समजेन’ हे न भेटलेल्या माणसाला म्हणणं खरं वाटत नाही, कारण ते खरं नसतंच. आणि एवढं करून मजकूर २०० च्या बाहेर गेला आहे.

आता कात्री लावायची. आधी प्रत्येक विशेषण काढा. मग जिथे ‘पोस्ट’ आहे तिथे पोस्टमधला मुद्दा लिहा, जिथे ‘अनुभव’ आहे तिथे अनुभव लिहा. भविष्यातल्या भावना काढून टाका. अर्जाचं वाक्य ठेवा.

उरलेली नोट

> नमस्कार मॅडम. तिकिटं किती बंद झाली यापेक्षा किती परत उघडली ते बघा, ही तुमची पोस्ट वाचली. आमच्याकडे रिफंडची तिकिटं अशीच परत यायची, कारण उत्तरात तारीख नसायची. सपोर्ट ॲनालिस्ट पदासाठी अर्ज केला आहे.

मोजणीत ही १९५ अक्षरं भरतात. हिच्यात स्तुतीचा एकही शब्द नाही, तरी मॅडमना आपलं म्हणणं कुणीतरी लक्ष देऊन वाचलं हे दिसतं. त्यांच्या मुद्द्याला स्वतःच्या कामातला दाखला जोडणं हाच इथे आदर आहे. मुलीने सुधारणा काय केली तेही सांगितलेलं नाही, फक्त कारण सांगितलं. वाचणाऱ्याला ‘मग तुम्ही काय केलंत?’ असं विचारावंसं वाटेल एवढी जागा राहिली आहे, आणि कनेक्शन झाल्यावरच्या बोलण्याची सुरुवात तिथूनच होते.

शेवटच्या वाक्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. काही जण सांगतात की अर्जाचा उल्लेख टाळा, आधी ओळख होऊ द्या. मला ते पटत नाही. अनोळखी अर्जदार मॅनेजरला का लिहितो हे मॅनेजरला कळतंच, आणि हेतू लपवला तर वरची तीन वाक्यंही डावपेच वाटू लागतात. उघड सांगितलं की ती सरळ वाचली जातात. मात्र मागणी करू नका. ‘अर्ज केला आहे’ ही माहिती झाली. ‘माझा अर्ज बघावा’, ‘दहा मिनिटं बोलता येईल का’ या मागण्या झाल्या, आणि ज्याने अजून तुमची विनंतीही स्वीकारलेली नाही त्याच्याकडे त्या लवकर होतात. म्हणूनच अर्ज आधी भरा आणि नोट नंतर पाठवा. मॅडमना वाटलं तर त्या अर्जांच्या यादीत नाव स्वतः शोधू शकतात.

पाठवण्याआधी नाव बदलण्याची चाचणी पुन्हा लावा: ही नोट दुसऱ्या कुठल्याही मॅनेजरला पाठवता येत नाही. मग ती मोठ्याने वाचा. ऑफिसात समोरासमोर भेटल्यावर जे वाक्य तोंडून येणार नाही ते नोटमध्येही नको. ‘कळवावे’, ‘विनंती आहे की’ अशी वाक्यं इथे आपोआप गळतात. शेवटी स्वतःला विचारा, मुलाखतीत या नोटेतल्या मुद्द्यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं तर बोलता येईल का? येत नसेल तर तो मुद्दा उसना आहे, दुसरा शोधा.

मॅनेजरने काहीच लिहिलेलं नसेल तर

हे पुष्कळदा होतं. तेव्हा नोकरीची जाहिरात वाचा, पण तिच्यातली सगळीकडे सापडणारी वाक्यं सोडून द्या. ‘उत्तम संवादकौशल्य’ प्रत्येक जाहिरातीत असतं. एखादी ओळ मात्र अशी असते की ती टीमच्या खऱ्या अडचणीतून आली आहे हे त्या कामातल्या माणसाला लगेच कळतं. समजा, एका जाहिरातीत लिहिलं आहे की पाळी बदलताना अर्धवट राहिलेली तिकिटं पुढच्या माणसाकडे नीट सोपवावी लागतील. मग नोट अशी होऊ शकते:

> नमस्कार सर. जाहिरातीत पाळी बदलताना तिकिटं सोपवण्याचा खास उल्लेख आहे. दोन वर्षं मी हेच काम करते. अर्धवट तिकिटं इथेच हरवतात. सपोर्ट ॲनालिस्ट पदासाठी अर्ज केला आहे.

जाहिरातीतही असं काही सापडलं नाही तर नोट न जोडता नुसती विनंती पाठवलेली बरी. रिकामी विनंती कुणाला खटकत नाही, ओढूनताणून लिहिलेली आपुलकी खटकते. आणि महिन्याच्या मोजक्या नोट्सपैकी एक शिल्लक राहते.

पाठवल्यानंतर

विनंती पडून राहिली तर राहू द्या. उत्तर आलं नाही म्हणून ती मागे घेऊन नव्या मजकुरासह पाठवण्याची घाई करू नका. तीन आठवड्यांची अट तर आहेच, शिवाय त्या काळात मॅनेजरने विनंत्यांची यादी उघडली तर तुमचं नाव तिथे नसेल. दुसऱ्या मार्गाने, ईमेलवर किंवा त्यांच्या पोस्टखाली, ‘विनंती पाठवली आहे’ अशी आठवणही नको. विनंती नाकारणाऱ्याला ‘या व्यक्तीला ओळखत नाही’ असंही सांगता येतं, आणि असे शेरे साठले की लिंक्डइन तुमच्या विनंत्यांवर बंधन घालू शकतं. एकाच कंपनीतल्या आठ-दहा जणांना एकदम विनंत्या पाठवणाऱ्यांवर ही वेळ लवकर येते.

विनंती स्वीकारली गेली तर तुमची नोट संवादाचा पहिला संदेश म्हणून तिथे दिसते आणि आता २०० ची मर्यादा उरत नाही. पण मर्यादा नाही म्हणून लगेच लांबलचक परिचय आणि बायोडेटा पाठवू नका. नोटमध्ये अर्धवट ठेवलेला धागा पुढे न्या. आपल्या उदाहरणातल्या मुलीला एवढं पुरेल:

> विनंती स्वीकारल्याबद्दल आभार, मॅडम. रिफंडच्या उत्तरात आम्ही ‘लवकरच’ ऐवजी पैसे जमा होण्याची तारीख लिहायला लागलो आणि तीच तिकिटं परत येणं कमी झालं. नेमकं किती ते आमच्याकडे मोजलं गेलं नाही. तुमच्याकडे परत उघडलेलं तिकीट मोजताना, ग्राहकाने नुसतं ‘धन्यवाद’ लिहिल्यामुळे उघडलेली तिकिटं वेगळी काढता का?

हा प्रश्न त्या कामात रोज पडणारा आहे आणि त्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. मॅडमना वेळ असेल तर त्या देतील. नसेल तर आणखी संदेश न पाठवता अर्जाचं काय होतं याची वाट बघायची.